थोडी म्हणजे किती?

आमच्या शिंप्याचं घड्याळ मी आजवर पाहिलेलं नाही, पण त्याच्या कॅलेंडरात फक्त दोनच वार आहेत, एवढं मी खात्रीनं सांगू शकतो. एक ‘आज’ आणि दुसरा ‘परवा’. आज कापड टाकायचं आणि परवा न्यायचं. परवा गेलं की तो गळ्यातली टेप सावरत म्हणतो, “साहेब, थोडा वेळ द्या.” मी देतो. वेळ ही माझ्याकडची एकच गोष्ट अशी आहे, की ती मागायला येणाऱ्याला मी जामीनदार मागत नाही.

हे शिंप्याचं गाऱ्हाणं आहे असं तुम्हाला वाटत असेल, तर तसं नाही. गाऱ्हाणं माझं स्वतःचंच आहे. कारण गेली वीसेक वर्षं बँकेत काउंटरच्या आतल्या बाजूला बसून मीही तोच धंदा करत आलो. शिंपी निदान तोंडी बोलतो. आम्ही तेच लेखी करतो आणि खाली ‘आपला विश्वासू’ असं लिहितो, एवढाच फरक. “सदर काम प्रगतिपथावर असून थोडी मुदतवाढ मिळावी, ही विनंती.” हे वाक्य मी आयुष्यात इतक्या वेळा लिहिलं आहे, की संगणकावर नुसतं ‘सदर’ टाइप केलं तरी पुढचं वाक्य बोटांतून आपोआप ओघळतं. विभागीय कार्यालयातही ते कुणी वाचत नसावं. मंगलाष्टकं चालू असताना अक्षता टाकतात, तसं ते उत्तरादाखल ‘लवकरात लवकर पूर्ण करावे’ एवढंच टाकतात. दोन्ही बाजूंचं समाधान होतं आणि काम जिथल्या तिथे राहतं.

या वाक्याशी माझा काडीमोड झाला तो २०२३ साली, लॉकरच्या करारांच्या वेळी.

तुमच्यापैकी ज्यांचा बँकेत लॉकर आहे त्यांना ते वर्ष आठवत असेल. रिझर्व्ह बँकेनं २०२१ च्या ऑगस्टमध्ये लॉकरचे नवे नियम काढले आणि जुन्या लॉकरधारकांशी नव्यानं करार करायला १ जानेवारी २०२३ ही तारीख दिली. ती आली आणि गेली. पुष्कळ लोकांचे करार झालेच नव्हते. कित्येकांना तर असा काही करार करायचा असतो हेच बँकांनी कळवलं नव्हतं. तेव्हा २३ जानेवारीला रिझर्व्ह बँकेनं मुदत वाढवून दिली. आता इथं जरा थांबा, कारण माझ्या सगळ्या पुराणाचं मूळ इथं आहे. तिनं ‘थोडी’ मुदत दिली नाही. ३० एप्रिलपर्यंत सगळ्यांना कळवा, ३० जूनपर्यंत निम्मे करार करा, ३० सप्टेंबरपर्यंत पंचाहत्तर टक्के आणि ३१ डिसेंबरपर्यंत सगळे, असं तिनं सांगितलं. शिवाय स्टॅम्प पेपर, फ्रँकिंग वगैरेची सोय बँकांनी करून द्यावी, असंही म्हटलं. ते पत्रक मी त्या वेळी वाचलं, त्यावर सही केली आणि फायलीत लावलं. त्यातून काही शिकायचं असतं हे मला कळायला ऑगस्ट उजाडावा लागला.

आमच्या शाखेत भाड्यानं दिलेले लॉकर दोनशे चाळीस. ते टेबल माझ्याकडे. तळघरात जाऊन बँकेची किल्ली लावायची, ग्राहकानं आपली किल्ली लावली की सभ्य माणसासारखं तोंड फिरवून बाहेर यायचं, असं ते निवांत काम. करारांमुळे त्याचा निवांतपणा गेला आणि जूनअखेर आमची शाखा निम्म्यालाही पोचली नव्हती.

जूनमध्ये एक गोष्ट घडली होती. ती सांगताना मला आजही बरं वाटत नाही, पण सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. विभागीय कार्यालयानं बाकी लॉकरधारकांची फोन नंबर तपासलेली यादी मागितली होती. आमच्या शाखाव्यवस्थापक मॅडमनी सोमवारी मला विचारलं, “कधी होईल?” मी म्हटलं, “दोन-तीन दिवस द्या, गुरुवारपर्यंत नक्की.” हे मी कसल्या आधारावर म्हटलं? कसल्याच नाही. किती नंबर तपासायचेत ते मोजलेलं नव्हतं. समोर मॅडम उभ्या होत्या आणि त्यांना बरं वाटेल असा वार मला सुचला, एवढंच. मॅडमनी तो खरा धरला, वर कळवून टाकला आणि शुक्रवारची रजा टाकली. गुरुवार संपला तेव्हा माझी यादी अर्धीसुद्धा झालेली नव्हती. शुक्रवारी मॅडम नेहमीच्या वेळी शाखेत हजर! दिवसभर माझ्याशेजारी बसून त्या फोन लावत होत्या. “हॅलो, तुमच्या लॉकरच्या संदर्भात बोलतेय.” मी मनात म्हटलं, काय बाई आहे, रजा रद्द करून कामाला आली!

रजा कशासाठी होती ते मला शिपाईमामांकडून पुढच्या आठवड्यात कळलं. त्या शुक्रवारी त्यांच्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. आईबरोबर शेवटी शेजारच्या काकू गेल्या. मॅडम मला यावर एक अक्षर बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं आणि प्रकरण मिटलं असतं. न बोलणाऱ्या माणसाचं फार अवघड असतं.

तर ऑगस्ट उजाडला. पंचाहत्तर टक्के म्हणजे आमच्या हिशेबानं एकशे ऐंशी करार. रिझर्व्ह बँकेची तारीख ३० सप्टेंबर, पण विभागीय कार्यालयानं, आपल्या हाती काही दिवस असावेत म्हणून, शाखांना २५ ऑगस्ट दिली होती. सोमवारी, २१ तारखेला, आमचा आकडा होता एकशे चौतीस. चार दिवसांत शेहेचाळीस करार होणं कालत्रयी शक्य नव्हतं. मी मॅडमच्या केबिनमध्ये गेलो आणि म्हणालो, “मॅडम, सदर काम प्रगतिपथावर असून… म्हणजे आपण थोडी मुदत मागून घेऊ या.”

“थोडी म्हणजे किती?”

“म्हणजे… थोडी.”

मॅडमनी टेबलावरचा कर्जाचा एक कोरा अर्ज माझ्यापुढे सरकवला. “समजा, एक गृहस्थ आले. अर्जात रक्कम लिहिली ‘थोडी’. मुदत, ‘लवकरात लवकर फेडतो’. कारण, ‘अडचण’. हप्ता, कोरा. काय कराल?”

“परत पाठवीन,” मी बाणेदारपणे म्हणालो. मी बी.कॉम. आहे. एवढं मला येतं.

“मग तुमचा अर्ज मी वर कसा पाठवू?”

मी गप्प. मॅडम पुढे म्हणाल्या, “तुम्ही वेळ मागताय म्हणजे कर्जच मागताय. वेळ विभागीय कार्यालयाकडचा आहे, माझ्याकडचा आहे. आधी आपली शिल्लक तरी काढून आणा. मेल उद्या पाठवू. पण २५ तारखेच्या आधी. हप्ता थकण्याआधी येतो त्याच्याशी बोलता येतं. थकल्यावर येतो त्याच्याशी फक्त वसुली खातं बोलतं.”

मी माझ्या टेबलाशी येऊन बसलो. खरं सांगतो, त्या दिवशी पहिल्यांदाच मी बाकीचे एकशे सहा लॉकर एकेक करून पाहिले. तोवर ते माझ्या डोक्यात ‘बरेच’ या एकाच नावाखाली मुक्कामाला होते. कागदाचे चार भाग केले आणि एकेक नाव आपापल्या खणात टाकत गेलो. अठ्ठावन्न लोक गावातलेच होते, फोनवर बोललेले होते, करायला तयार होते. एकवीस लॉकर जोडनावाचे, ज्यातलं एक नाव बंगळूरला नाही तर थेट न्यू जर्सीला. नऊ जणांचे धारक वारलेले, त्यांच्या वारसांचे दावे निकालात निघाल्याशिवाय करार कुणाशी करणार? आणि अठरांचा पत्ताच नाही, फोन लागत नाही, पत्रं परत आलेली.

आता गंमत बघा. आम्हाला हवे होते शेहेचाळीस. तयार असलेले होते अठ्ठावन्न. म्हणजे न्यू जर्सीची वाट न पाहता, पत्ता नसलेल्यांचा शोध न लावतासुद्धा, काम होण्यासारखं होतं. ‘बरेच’ म्हणून ज्याचा मी धसका घेतला होता, त्यातलं निम्मं या तारखेपुरतं माझ्या रस्त्यातच नव्हतं.

मग वेग काढला. मागच्या चार आठवड्यांत करार झाले बत्तीस, म्हणजे आठवड्याला आठ. शेहेचाळीसला आठनं भागलं तर पावणेसहा आठवडे. २१ ऑगस्टपासून सहा आठवडे मोजले की नेमका ३० सप्टेंबर येतो, आणि मध्ये गणपती! १९ सप्टेंबरला गणेशचतुर्थी. त्या आठवड्यात आमच्या गावात माणसं मोदकाचं सारण करण्यात गुंतलेली असतात, करार करण्यात नव्हे. म्हणजे खरा हिशेब ऑक्टोबरात जात होता. माझ्या जुन्या वाक्यातल्या ‘थोडी’ या शब्दाच्या पोटात सहा-सात आठवडे झोपले होते आणि मला त्याचा पत्ता नव्हता. मी आपला ‘आठ-दहा दिवस’ म्हणून मोकळा झालो असतो.

एवढ्यावर थांबलो असतो तर मेलमध्ये रडगाणंच लिहावं लागलं असतं. पण शिपाईमामा चहा ठेवता ठेवता म्हणाले, “साहेब, लोक येतात हो. पण आपल्याकडं स्टॅम्पच नसतो. मग म्हणतात, परत येतो, आणि कसले येतायत.” मी लॉकरच्या वहीकडे वळलो. लॉकर उघडायला आलेल्या प्रत्येकाची त्या वहीत सही असते. करार बाकी असलेले किती लोक त्या चार आठवड्यांत येऊन गेले ते मोजलं, तर पन्नास! करार झाले बत्तीस. अठरा जण तळघरात उतरले, दागिने पाहून समाधानानं वर आले आणि करार न करता घरी गेले. माझीच पेन्सिलीची टिपणं समासात होती. तेरा नावांपुढे ‘स्टॅ.’ म्हणजे स्टॅम्प पेपर नाही, आणि पाचांपुढे ‘सह.’ म्हणजे सहधारक बरोबर नाही. ही टिपणं मी स्वतः केली होती आणि महिनाभर त्यांच्याकडे दागिन्यांच्या जाहिरातीकडे बघावं तसं बघत होतो.

तेव्हा ग्राहक येत नाहीत, हे जे कारण मी सगळीकडे सांगत होतो ते खोटं होतं. मुद्दाम खोटं बोलत नव्हतो. न मोजता बोलत होतो. पण ज्याला ते ऐकून काही ठरवायचं असतं, त्याला या दोन्हींत फारसा फरक पडत नाही. स्टॅम्प लावलेले करार शाखेत तयार असते, तर चार आठवड्यांत पंचेचाळीस झाले असते. आठवड्याला अकरा. यातून माझी अडचण बदलली. मला नुसती मुदत नको होती, स्टॅम्पही हवे होते, आणि ते द्यायचे विभागीय कार्यालयाच्या हातात होते. लॉकरला दोन किल्ल्या लागतात हे मी जन्मभर लोकांना समजावत आलो. तारखेलाही दोन लागतात, हे मला तेव्हा कळलं. एक माझ्याजवळ असते, एक ज्याच्याकडे मुदत मागायची त्याच्याजवळ. मेलमध्ये कुठली किल्ली कुणाकडे आहे हे लिहिलं नाही, तर दोघंही दाराशी एकमेकांची वाट बघत उभे राहतात.

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, मी मेलचा मसुदा केला. पहिला मसुदा दीड पानाचा झाला. त्यात कर्मचाऱ्यांची कमतरता, पावसाळा, मधल्या काळात बंद पडलेला प्रिंटर, इतकंच काय माझी कंबरसुद्धा आली होती. मॅडमनी लाल पेन घेतलं. “प्रिंटर दुरुस्त झाला ना? मग काढा. कंबर?” ती मी स्वतःच काढली. “कारण तेवढंच लिहा, जे बदललं तर तारीख बदलेल,” मॅडम म्हणाल्या. या कसोटीला सगळं लावलं आणि शेवटी एकच कारण उरलं, स्टॅम्प.

मग मी तारखेला हात घातला. हिशेबानं २२ सप्टेंबर येत होती. मी शहाणपणा करून लिहिलं, ३० सप्टेंबर. हाताशी आठ दिवस असलेले बरे! मॅडम म्हणाल्या, “पाडव्याला साडीची किंमत आधी वाढवून मग सूट देतात, तसं करू नका. हिशेबाची तारीख सांगा आणि चूक झाली तर किती दिवस शिल्लक आहेत ते वेगळं सांगा. लपवलेले दिवस दुसऱ्या वेळेला कुणी खरे धरत नाही.”

गेलेला मेल असा होता. मूळ इंग्रजीत होता, कारण आमच्याकडे अडचणी मराठीत येतात आणि इंग्रजीत कळवाव्या लागतात. इथे मराठीत देतो.

“विषय: लॉकर करार, २५ ऑगस्टचे उद्दिष्ट पूर्ण होणार नाही. सुधारित तारीख २२ सप्टेंबर.

महोदय, २५ ऑगस्टपर्यंत १८० करार करायचे होते. काल सायंकाळपर्यंत १३४ झाले आहेत. ४६ बाकी आहेत. ही तारीख आम्ही गाठू शकणार नाही.

कारण: गेल्या चार आठवड्यांत करार बाकी असलेले ५० ग्राहक शाखेत आले. त्यांपैकी १३ जण शाखेत स्टॅम्प पेपर नसल्यामुळे परत गेले. ही गोष्ट आम्ही आधी कळवायला हवी होती.

सुधारित वेळापत्रक: ८ सप्टेंबरपर्यंत १६४, १६ सप्टेंबरपर्यंत १७५, २२ सप्टेंबरपर्यंत १८०. गणेशोत्सवाच्या आठवड्यात पाचच करार धरले आहेत. यानंतर ३० सप्टेंबरपर्यंत एक आठवडा हाताशी राहतो.

आपल्याकडून हवे: फ्रँकिंग केलेले ६० करार २५ ऑगस्टपर्यंत. ते न मिळाल्यास आठवड्याला ११ ऐवजी ८ करार होतील आणि ३० सप्टेंबरचे उद्दिष्टही चुकेल.

९ मृत धारकांच्या लॉकरसाठी आज तारीख देता येत नाही, ती दाव्यांवर अवलंबून आहे. या वेळापत्रकात ते धरलेले नाहीत. पुढील अहवाल ८ सप्टेंबरला पाठवतो.”

पाठवताना माझा हात थरथरला. विषयातच ‘पूर्ण होणार नाही’! बँकेत अशी वाक्यं सेवानिवृत्तीनंतर लिहायची असतात. आणि ‘आधी कळवायला हवी होती’ हे वाक्य तर मी दोनदा खोडलं होतं. ‘प्रगतिपथा’ला एक फायदा असतो, त्या पथावर कुणी कधी अडवत नाही. इथं मी स्वतःच तीन नाके उभारले होते आणि प्रत्येकावर माझी तारीख लिहिली होती.

तासाभरात विभागीय कार्यालयातून फोन आला. मी खुर्चीत ताठ बसलो. पलीकडचे साहेब म्हणाले, “साठ पुरतील का? की सत्तर पाठवू?” बस्स. एवढंच. वीस वर्षं मी ज्या माणसाला घाबरून गोलगोल लिहीत होतो, त्याला बिचाऱ्याला फक्त एक आकडा हवा होता. वर त्यालाही कुणीतरी विचारत असणार, “थोडी म्हणजे किती?”

आता तुम्ही म्हणाल, खरं बोलला आणि सगळं सुरळीत झालं. तसं गोष्टींच्या पुस्तकात होतं. स्टॅम्प लावलेले करार शुक्रवारी यायचे होते ते मंगळवारी आले. पण वाईट त्याच्या पुढचंच होतं. मॅडमनी परत रजा टाकली. आईच्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन. तारीख २७ सप्टेंबर. टाकताना त्यांनी मला विचारलं, “२२ म्हणालात ना? २७ घेऊ?” मी “हो” म्हटलं आणि घरी येऊन जेवलो नाही.

८ सप्टेंबरला आकडा आला एकशे एकसष्ट. तीन कमी. मी तसं कळवलं. १६ तारखेला व्हायला हवे होते एकशे पंचाहत्तर, झाले एकशे एकाहत्तर. म्हणजे नऊ बाकी, आणि गणपतीच्या आठवड्यात धरलेले पाच. २२ तारीख चुकणार हे उघड होतं. जुना मी असतो तर २२ तारखेच्या संध्याकाळपर्यंत देवावर भार टाकून बसलो असतो, देवही गावात असतोच त्या वेळी. पण ज्याला आपलं चुकणार हे कळलं आहे आणि तरी जो सांगत नाही, तो रोज दुसऱ्याचा एकेक दिवस खर्च करत असतो. त्याच दुपारी मी दोन ओळींचा मेल टाकला: “२२ ला १७६ होतील. उरलेले ४ जण पक्के आहेत, त्यांना २५ आणि २६ तारखेच्या वेळा दिल्या आहेत. सुधारित तारीख २६ सप्टेंबर.” मग केबिनच्या दारात उभा राहून मॅडमना तोंडी सांगितलं. “मॅडम, सव्वीस. सत्तावीसला धक्का नाही. पण धक्का लागणार असला तर सोमवारी सकाळी दहा वाजता सांगीन, मंगळवारी संध्याकाळी नाही.”

मॅडम क्षणभर माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “जूनमध्ये मला एवढंच हवं होतं हो. गुरुवारी होणार नाही हे बुधवारी कळलं असतं, तरी मी भावाला बोलावून घेतलं असतं.”

जूनचा उल्लेख त्यांनी तेव्हा पहिल्यांदा केला आणि शेवटचा. मी काहीतरी पुटपुटलो आणि तळघरात गेलो. कुणी लॉकर उघडायला आलेलं नव्हतं, तरी गेलो.

२६ तारखेला, मंगळवारी, दुपारी साडेतीन वाजता एकशे ऐंशीवा करार झाला. पंच्याऐंशीच्या घरातले एक आजोबा आणि त्यांच्या सहधारक आजी. आजोबांनी सही करायला जवळजवळ दहा मिनिटं घेतली. मधे पेन उचलून म्हणाले, “थोडा वेळ द्या हं.” त्यांना मी दिला. त्यांचं ‘थोडा’ म्हणजे किती ते मला समोर दिसत होतं. आडनावाची पाच अक्षरं बाकी होती. कराराची एक प्रत त्यांच्या हातात ठेवली आणि मॅडमच्या केबिनकडे बघून मान हलवली. दुसऱ्या दिवशी त्यांची खुर्ची रिकामी होती. रिकामी खुर्ची बघून इतका आनंद मला पूर्वी कधी झाला नव्हता, आणि आमच्या बँकेत त्या पुष्कळ असतात.

ही विद्या मी शिंप्यावर करून पाहिली. “थोडा वेळ” म्हणताच मी विचारलं, “माझ्या आधी किती कपडे आहेत? दिवसाला किती होतात?” तो आधी गोंधळला. मग खुंटीवरचा ढीग बोटानं मोजला आणि म्हणाला, “चौदा आहेत. दिवसाला तीन. शनिवारी संध्याकाळी या साहेब. अस्तर तेवढं तुम्ही आणून द्या.” बघा, त्याच्याकडेही सगळं होतं. शिल्लक, वेग, तारीख, आणि माझ्याजवळची किल्लीसुद्धा. फक्त त्याला आजवर कुणी विचारलं नव्हतं. सदरा शनिवारी मिळाला. अंगाला जरा घट्ट होतो, पण तो दोष वेळापत्रकाचा नाही.

या विजयानं मी इतका फुशारलो, की ही हकिगत मी घरी जेवताना साग्रसंगीत सांगितली. हिनं शांतपणे ऐकून घेतली. वाटीत आमटी वाढता वाढता म्हणाली, “माळा कधी आवरणार?”

“आवरतो ना,” मी म्हटलं. “थोडे दिवस जाऊ देत.”

ही काही बोलली नाही. आमटीचा डाव भांड्यात ठेवला, फ्रिजवरचं वाण्याचं बिल घेतलं, ते उलटं केलं आणि पेन्सिलीसकट माझ्या ताटाशेजारी ठेवलं.

सात खोकी आहेत. रविवारी दोन होतात. पहिल्या अहवालाची तारीख हिनं दिली आहे.